कावळ्याने निरोप कसा सांगितला?

दुसऱ्याचे बोलणे तिसऱ्याला सांगणे ही गोष्ट आपण दिवसातून किती वेळा करतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. प्राध्यापक काय म्हणाले, खिडकीवरचा कारकून काय म्हणाला, आई काय म्हणाली, हे सांगतच आपला दिवस जातो. बोलताना आपले काही अडत नाही. अडते ते लिहिताना. इंग्रजीच्या तासाला आपण ‘डायरेक्ट’चे ‘इनडायरेक्ट’ करण्याचे नियम पाठ करतो आणि मग तेच नियम नकळत मराठीला लावतो. मराठीची रीत वेगळी आहे. ती रीत प्रथम वर्षाच्या काही मित्रांना सरावासाठी दाखवावी म्हणून मी एक लहानशी नीतिकथा लिहिली. ती कथा आणि तिच्या आधाराने मराठीतील अप्रत्यक्ष कथनाचा उलगडा, असे या लेखाचे स्वरूप आहे.

कथेसाठी कावळाच का निवडला, असे कोणी विचारील. आपल्याकडे कावळा हा निरोप्या मानला जातो. तो अंगणात ओरडला की पाहुणा येणार, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. नाशिककरांना तर गोदेच्या घाटावरचा कावळा परिचयाचाच आहे. दहाव्या दिवशी पिंड ठेवला जातो आणि सगळे नातेवाईक कावळ्याची वाट पाहत उभे राहतात. कावळा शिवला नाही, तर गेलेल्या माणसाची कोणती इच्छा राहिली असेल ते आठवून मोठ्याने बोलले जाते. “धाकटीचं लग्न करून द्या, असं ते म्हणत होते, आम्ही ते करू,” असे कोणीतरी म्हणते. म्हणजे तिथेही एकाचे बोलणे दुसरा सांगतो आहे आणि ऐकणारा कावळा आहे.

हुशार कावळ्याच्या जुन्या गोष्टी मी आधी चाळून पाहिल्या. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1828 साली इसापच्या कथा मराठीत आणल्या, तेव्हापासून खडे टाकून घड्यातले पाणी वर आणणारा कावळा मराठी मुलांना ठाऊक आहे. पण आपल्या कामाला तो निरुपयोगी, कारण तो हुशार असला तरी बोलत नाही. बोलण्यासाठी चोच उघडणारा इसापचा दुसरा कावळा तोंडचा घास घालवून बसतो. तो बोलका आहे, पण हुशार नाही. पंचतंत्राच्या ‘काकोलूकीय’ या तिसऱ्या तंत्रातील स्थिरजीवी हा म्हातारा मंत्री मात्र हुशारही आहे आणि बोलकाही. घुबडांच्या गोटात शिरून तो केवळ बोलण्याच्या बळावर त्यांचा विश्वास मिळवतो. ती कथा आपल्या सरावासाठी फार लांब आहे. म्हणून पुढील छोटी कथा नव्याने रचली.

कथा

एका ओढ्याकाठी ठेंगण्या बाभळीवर कावळ्याचे घरटे होते. घरट्यात दोन पिल्ले होती. जवळच्याच गुहेत एक कोल्हा राहत असे. एके दिवशी कोल्ह्याने कावळ्याला हाक मारली आणि तो म्हणाला, “कावळ्या, सशाला माझा निरोप सांग. त्याला म्हणावं, मी आजारी आहे. मी शिकार सोडली आहे. उद्या सकाळी तू एकटाच माझ्या गुहेत ये. मी तुला कोवळ्या हरभऱ्याची वाट दाखवीन.”

कावळ्याच्या लक्षात सारे आले. तो म्हणाला, “कोल्होबा, ससा विचारील, तुम्हाला काय झालं आहे?”

“ते तुला काय करायचं आहे?” कोल्हा गुरगुरला. “निरोपातला एक शब्दही कमी करू नकोस. तुझं घरटं किती खाली आहे, ते मला ठाऊक आहे. तुझ्याबरोबर मी सरड्याला पाठवतो. तो सगळं ऐकेल.”

कावळा उडाला. सरडा मागोमाग गेला. सशाच्या बिळापाशी बसून कावळा म्हणाला, “सशा, कोल्होबा म्हणे आजारी आहेत. त्यांनी म्हणे शिकार सोडली आहे. उद्या सकाळी तू एकट्यानंच त्यांच्या गुहेत यावंस, असं त्यांनी सांगितलं आहे. ते म्हणे तुला कोवळ्या हरभऱ्याची वाट दाखवतील.”

सशाने कान टवकारले. त्याने विचारले, “काकोबा, तुम्ही त्यांना आजारी पाहिलंत का?”

कावळा म्हणाला, “मी त्यांचं बोलणं ऐकलं. दुखणं पाहिलं नाही.”

दुसऱ्या दिवशी ससा गेला नाही. कोल्ह्याने सरड्याला विचारले, “कावळ्याने निरोपातला शब्द गाळला का?”

सरडा म्हणाला, “नाही धनी, एकही गाळला नाही.”

“मग खोटं काही सांगितलं का?”

“तेही नाही. एक शब्द जास्त होता, पण तोही खरा होता.”

“कोणता?”

“म्हणे,” सरडा म्हणाला.

पहिला प्रश्न : हा ‘मी’ कोणाचा?

आता कोल्ह्याचा निरोप घेऊ. “मी आजारी आहे,” हे त्याचे पहिले वाक्य. हे वाक्य कावळ्याने जसेच्या तसे सांगितले असते, तर काय झाले असते? ‘कोल्होबा म्हणाले, मी आजारी आहे,’ असे तोंडाने म्हटले तर कोणाचा घोटाळा होत नाही. आवाजातला चढउतार आणि मधला विराम सांगतो की ‘मी’ म्हणजे कोल्हा. आमच्या घरी आजी नेहमी असेच बोलते. “तो म्हनला, मी येतो,” असे ती सांगते आणि येणारा कोण, हे सगळ्यांना कळते. बोलीभाषेला मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवण्याची सवय आहे आणि ती सवय फार जुनी आहे. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्र’ उघडले, तर तिथे चक्रधरस्वामींचे आणि इतरांचे बोलणे बहुधा असेच, जणू समोर बोलत असल्यासारखे येते. शेणाच्या घरातल्या कावळ्याची आणि मेणाच्या घरातल्या साळईची गोष्टही त्याच ग्रंथात आढळते.

घोटाळा होतो तो कागदावर. ‘कोल्होबा म्हणाले की मी आजारी आहे’ हे वाक्य अवतरणचिन्हांशिवाय लिहिले, तर त्याचे दोन अर्थ निघतात. आजारी कोल्हा असेल किंवा कावळाही असेल. ‘मी’च्या जागी ‘तो’ घातला म्हणजे काम झाले, असे इंग्रजीच्या सवयीने आपल्याला वाटते. पण ‘कोल्ह्याने कावळ्याला सांगितले की त्याने सशाला बोलावले आहे,’ हे वाक्य पाहा. बोलावणारा कोण? कोल्हा, कावळा की तिसराच कोणी? तिन्ही अर्थ बसतात.

मराठीने या अडचणीवर एक सुंदर उपाय ठेवला आहे. तो म्हणजे ‘आपण’. ‘कोल्ह्याने कावळ्याला सांगितले की आपण सशाला बोलावले आहे,’ असे लिहिले की बोलावणारा कोल्हाच, दुसरा कोणी नाही. अप्रत्यक्ष कथनात ‘आपण’ हा शब्द मूळ बोलणाऱ्याकडे बोट दाखवतो. त्याच्याबरोबर क्रियापद प्रथम पुरुषी अनेकवचनासारखे चालते : ‘मी आजारी आहे’चे ‘आपण आजारी आहोत’ होते, ‘मी दाखवीन’चे ‘आपण दाखवू’ होते आणि ‘माझ्या गुहेत’चे ‘आपल्या गुहेत’ होते. इंग्रजीत यासाठी वेगळा शब्द नाही. तिथे ‘ही’ म्हणजे कोण, ते संदर्भावरूनच ओळखावे लागते.

या उपायालाही मर्यादा आहे. ‘आपण’ शब्दाचे मराठीत आणखी दोन धंदे आहेत. आदराने ‘तुम्ही’ म्हणायचे असले तरी ‘आपण’ येतो आणि बोलणारा व ऐकणारा मिळून म्हणायचे असले तरी ‘आपण’च येतो. ‘कोल्हा सशाला म्हणाला की आपण हरभऱ्याच्या शेतात जाऊ,’ या वाक्यात दोघे मिळून जाणार आहेत, असाच अर्थ मनात आधी येतो. अशा वेळी एक सोपी कसोटी आहे. ‘आपण’च्या जागी ‘आपण स्वतः’ घालून पाहावे. अर्थ तोच राहिला, तर वाक्य ठीक आहे. अर्थ बदलला, तर अवतरणचिन्हे घालून मूळ शब्दच द्यावेत किंवा बोलणाऱ्याचे नाव पुन्हा लिहावे.

दुसरा प्रश्न : काळ बदलावा का?

इंग्रजीत सांगणारे क्रियापद भूतकाळी असले की आतले क्रियापदही बहुधा एक पायरी मागे जाते. ‘इज’चे ‘वॉज’ होते, ‘विल’चे ‘वुड’ होते. हा नियम मराठीत नाही. मूळ बोलणाऱ्याने जो काळ वापरला, तोच राहतो. कोल्हा ‘आजारी आहे’ म्हणाला, म्हणून ‘कोल्हा म्हणाला की आपण आजारी आहोत’. ‘आपण आजारी होतो’ असे लिहिले, तर अर्थच फिरतो. कोल्हा पूर्वी केव्हातरी आजारी होता आणि आता बरा आहे, असा त्याचा अर्थ होतो. बरा झालेल्या कोल्ह्याच्या गुहेत समाचाराला जाण्याचे सशाला काही कारणच उरत नाही.

भविष्यकाळात हा फरक अधिक ठळक दिसतो. ‘मी उद्या येईन,’ असे कोणी म्हणाले. ते ‘तो म्हणाला की आपण दुसऱ्या दिवशी येऊ’ किंवा ‘आपण येणार आहोत’ असे व्हायला हवे. पण इंग्रजी उताऱ्यातील ‘वुड कम’चे भाषांतर करताना ‘तो येणार होता’ असे लिहिलेले पुष्कळदा आढळते. मराठी वाचकाला ‘येणार होता’ या शब्दांत ‘पण आला नाही’ हे न लिहिलेले वाक्य ऐकू येते. एका ‘होता’ने दिलेला शब्द मोडल्यासारखा होतो. आपण लिहिलेले अप्रत्यक्ष वाक्य बरोबर आहे की नाही, हे पाहायचे असेल, तर त्याच्यापुढे ‘पण’ असे म्हणून पाहावे. तो ‘पण’ आपोआप जिभेवर येत असेल, तर काळ चुकला आहे.

काळ बदलत नसला तरी वेळ आणि जागा दाखवणारे शब्द मात्र बदलतात. ते कधी बदलावे, हे सांगणारा कुठे आणि केव्हा उभा आहे यावर ठरते. कावळ्याने निरोप त्याच दिवशी सांगितला, म्हणून त्याच्या तोंडी ‘उद्या सकाळी’ हे शब्द तसेच राहिले. आपण तीच हकीकत महिन्याने लिहिली, तर ‘दुसऱ्या दिवशी सकाळी’ असे लिहावे लागेल. ‘इथे’चे ‘तिथे’ आणि ‘हा’चे ‘तो’ होणेही असेच आहे.

आज्ञा आणि प्रश्न

कोल्हा म्हणतो, “तू एकटाच ये.” ही आज्ञा आहे. अप्रत्यक्ष करताना मराठीत आज्ञार्थ जातो आणि विध्यर्थ येतो : ‘सशाने एकट्यानेच यावे.’ कावळा समोर बसलेल्या सशालाच सांगतो आहे, म्हणून तो ‘तू यावंस’ म्हणतो. घरगुती बोलण्यात ‘यायला सांगितलं आहे’ असेही चालते. ‘यावे’मध्ये सभ्यता थोडी अधिक आहे, म्हणून सूचना आणि आमंत्रणे यांत तेच रूप दिसते.

प्रश्नाचे काम त्याहून सोपे आहे. “तुम्ही त्यांना आजारी पाहिलंत का?” याचे ‘कावळ्याने कोल्ह्याला आजारी पाहिले का, असे सशाने विचारले’ असे होते. इंग्रजीत प्रश्नातील शब्दांचा क्रम उलटवावा लागतो, मराठीत तो मुळातच उलटलेला नसतो. तिथे ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घालावे लागते, इथे ‘का’ आपल्या जागी बसून राहतो. फक्त शेवटचे प्रश्नचिन्ह गळते, कारण आता विचारणारे आपण नाही.

सांगणाऱ्या क्रियापदाकडेही लक्ष असावे. ‘म्हणणे’चे ‘म्हणाला’ हे रूप कर्त्याप्रमाणे चालते : कोल्हा म्हणाला, चिमणी म्हणाली. ‘सांगणे’ आणि ‘विचारणे’ यांच्या भूतकाळात मात्र कर्त्याला ‘ने’ लागतो : कोल्ह्याने सांगितले, सशाने विचारले. ‘म्हटले’ हे रूपही ‘ने’ मागते. एका परिच्छेदात ही क्रियापदे एकामागून एक आली की ‘कोल्ह्याने म्हणाला’ किंवा ‘ससा विचारले’ अशी वाक्ये घाईत उतरतात. लिहून झाल्यावर केवळ ही क्रियापदे अधोरेखित करून पुन्हा वाचावे.

आता सगळा निरोप एकत्र करू. कथाकाराने पुष्कळ दिवसांनी तो लिहिला, तर असा होईल : ‘कोल्ह्याने कावळ्याला सांगितले की, आपण आजारी आहोत आणि आपण शिकार सोडली आहे, सशाने दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्यानेच आपल्या गुहेत यावे, म्हणजे आपण त्याला कोवळ्या हरभऱ्याची वाट दाखवू.’ तोच निरोप वर्तमानपत्री मराठीत असा होईल : ‘आपण आजारी असून शिकार सोडल्याचे कोल्ह्याने सांगितले. सशाने एकट्याने गुहेत यावे, असे आवाहनही त्याने केले.’ दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्यात ‘की’ने पुढे काय येणार ते आधी सांगितले. दुसऱ्यात बोलणे आधी आले आणि सांगणारा मागून आला. ‘आवाहन केले, असे’ किंवा ‘असे म्हणाला’ ही मागून बांधण्याची रीत मराठीच्या अधिक अंगची आहे. पुढून बांधायचीच असेल, तर जुन्या मराठीत ‘की’ऐवजी ‘जे’ वापरीत. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी पेशवेकालीन पत्रांत ‘विनंती ऐसीजे’ हे शब्द पाहिले असतील. तो ‘जे’ म्हणजे आजचा ‘की’च होय.

तिसरा प्रश्न : हमी कोणाची?

वरील दोन्ही रूपांत कोल्ह्याचे शब्द पोचले, पण एक गोष्ट पोचली नाही. निरोप सांगणाऱ्याला तो खरा वाटतो की नाही, हे त्यांतून कळत नाही. कावळ्याची सारी हुशारी याच ठिकाणी आहे. ‘कोल्होबा आजारी आहेत,’ असे तो म्हणाला असता, तर ते कावळ्याचे स्वतःचे विधान झाले असते आणि ते खोटे ठरले असते तर खोटेपणा त्याच्या माथी आला असता. ‘कोल्होबा म्हणाले की आपण आजारी आहोत,’ हे विधान प्रामाणिक आहे, पण कोरडे आहे. ‘कोल्होबा म्हणे आजारी आहेत,’ यात मात्र दोन गोष्टी एकदम सांगितल्या जातात. बोलणे दुसऱ्याचे आहे आणि त्याची हमी माझी नाही.

‘म्हणे’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. दिसायला तो ‘म्हणणे’ या क्रियापदाचे रूप आहे, पण या वापरात त्याला काळ नाही, पुरुष नाही आणि वचनही नाही. मूळ बोलणारा कोण, हे सांगण्याची सक्तीही तो करीत नाही. ‘परीक्षा म्हणे पुढे गेली,’ या वाक्यात कोण म्हणाले याचा पत्ताच नाही. वाक्यात तो कोणत्या शब्दाजवळ बसतो, त्याप्रमाणे संशयाचा रोख बदलतो. ‘कोल्होबा म्हणे आजारी आहेत,’ यात संशय सगळ्या बातमीवर आहे. ‘मला म्हणे हरभरा देणार!’ असे ससा उद्गारला असता, तर तीच चेष्टा झाली असती. केवळ ऐकीव बातमी, साधा संशय आणि उघड टिंगल, या तिन्ही छटा एकाच शब्दात आहेत. त्यांतली कोणती घ्यायची, ते आवाज ठरवतो.

म्हणूनच औपचारिक लेखनात ‘म्हणे’ला जागा नाही. सभेच्या इतिवृत्तात ‘सदस्य म्हणे हजर होते’ असे लिहिले, तर तो सदस्याचा अपमान होईल. जबाब नोंदवतानाही तसेच. तिथे सांगणाऱ्याचे म्हणणे त्याच्या ‘मी’सह लिहून घेण्याची रीत आहे आणि मग ते त्याला वाचून दाखवतात. ‘मी’ कोणाचा याविषयी तिथे शंकाच राहू नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे.

पण ‘म्हणे’ला दाराबाहेर ठेवले तरी त्याचे काम थांबत नाही. ते काम क्रियापदे करतात. एकच वाक्य घ्या : ‘आपण शिकार सोडली आहे.’ त्याच्यापुढे ‘असे कोल्ह्याने सांगितले’ लिहिले, तर लेखक तटस्थ राहतो. ‘असे स्पष्ट केले’ लिहिले, तर कोल्ह्याचे म्हणणे लेखकाला पटले आहे, असे वाचकाला वाटते. ‘असा दावा केला’ लिहिले, तर लेखक चार पावले मागे सरकला. ‘अशी कबुली दिली’ म्हटले, तर शिकार हा गुन्हाच होता, असे आपणच ठरवून टाकले. कोल्ह्याचा एक शब्दही बदलला नाही, तरी वाचकाने त्याच्यावर किती विश्वास ठेवावा, हे मात्र बदलले. वर्तमानपत्रातली एखादी राजकीय बातमी घेऊन तिच्यातली अशी क्रियापदे वेगळी काढून पाहावीत. बातमीदाराचे मत बातमीत कुठेही लिहिलेले नसते, पण या क्रियापदांच्या ओळीत ते बहुधा सापडते.

सरावासाठी एक काम सुचवतो. सरड्याने कोल्ह्याला दिलेली तिन्ही उत्तरे अप्रत्यक्ष कथनात लिहावीत. पहिली दोन सहज जमतील. तिसऱ्या उत्तरापाशी, म्हणजे ‘म्हणे’ या एका शब्दापाशी, थांबावे लागेल. ‘सरड्याने सांगितले की तो शब्द “म्हणे” हा होता,’ असे लिहिताना त्या शब्दाभोवती अवतरणचिन्हे ठेवावीच लागतात. ती काढली तर वाक्य मोडते. दुसऱ्याचे बोलणे आपल्या वाक्यात कितीही मुरवले, तरी काही शब्द असे निघतात की ते ज्याचे त्याच्याच तोंडी ठेवावे लागतात.

— द्वितीय वर्ष, कला शाखा